एकच बातमी, पाच पेपर: तुलनेच्या प्रोजेक्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावी-बारावीच्या मुलांकडून आणि त्यांच्या शिक्षकांकडून तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून सगळे एका जागी लिहून ठेवतोय. उदाहरण सगळीकडे एकच घेतलंय, मार्च 2018 चा नाशिक ते मुंबई किसान लाँग मार्च, म्हणजे दर प्रश्नाला नवीन घटना समजून घेत बसायला नको. उत्तरं कुठूनही वाचायला घ्या, जिथे दुसरीकडे सविस्तर लिहिलंय तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

1. या प्रोजेक्टमध्ये नेमकं करायचं काय असतं? पेपर वाचून निबंध लिहायचा का?

निबंध नाही. एक घटना घ्यायची, ती चार-पाच पेपरांनी कशी छापली ते समोरासमोर ठेवायचं आणि फरक कुठे कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायचं. म्हणजे "अमुक पेपरने शेतकऱ्यांची बाजू घेतली" असं वाक्य लिहिलं तर त्याच्या खाली मथळा, पान नंबर, कोणाचं म्हणणं किती ओळी छापलंय हे यायलाच हवं. ते नसेल तर ते तुमचं मत झालं, तुलना नाही झाली. आणि फरक सापडला की पुढचा प्रश्न लगेच "का" हा, आणि बहुतेक मुलं तिथेच घाई करतात, थेट "पेपर विकला गेलाय" वर उडी मारतात. त्या "का" ची साधी, कंटाळवाणी कारणं आधी तपासायची असतात (प्रश्न 10 आणि 11), ती सगळी संपली आणि तरी फरक उरला तर मग पेपर कुठे झुकतो त्याबद्दल बोलायचं.

2. घटना कोणती निवडायची? कालपरवाची चालेल का?

चालेल, पण ज्या घटनेत आकड्यावर वाद आहे, किमान दोन बाजू बोलतायत आणि शेवटी काहीतरी निर्णय झालाय अशी घ्या. क्रिकेटची मॅच घेऊ नका, स्कोअर सगळीकडे सारखाच असतो आणि तुलना करायला फारसं काही उरत नाही.

लाँग मार्च मला यासाठी चांगला वाटतो. 6 मार्च 2018 ला, मंगळवारी, अखिल भारतीय किसान सभेच्या नेतृत्वात शेतकरी नाशिकहून पायी निघाले, त्यात आदिवासी शेतकरी फार मोठ्या संख्येने होते. कसारा घाट उतरून, शहापूर, भिवंडी, ठाणे करत साधारण 180 किलोमीटर चालून 11 तारखेला ते मुंबईत सोमय्या मैदानावर आले आणि 12 च्या पहाटे आझाद मैदानात पोचले. कर्जमाफी, हमीभाव आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखाली कसत असलेली जमीन नावावर करणं या मुख्य मागण्या. 12 तारखेला सरकारशी बोलणी झाली, लेखी आश्वासन मिळालं, मोर्चा संपला. म्हणजे सुरुवात, मध्य, शेवट सगळं एका आठवड्यात आहे, आणि रोजचा पेपर वेगळा बघता येतो.

3. किती पेपर घ्यायचे आणि कोणते?

चार ते पाच. तीनपेक्षा कमी घेतले तर वेगळा कोण ते कळत नाही, सहाच्या वर गेलात तर काम संपत नाही.

निवडताना नुसती नावं वेगळी बघू नका, मालक वेगळे बघा. लोकसत्ता आणि इंडियन एक्सप्रेस एकाच समूहाचे, महाराष्ट्र टाइम्स आणि टाइम्स ऑफ इंडिया एकाच समूहाचे, त्यामुळे हे चार घेतले तर चार नावं झाली पण घरं दोनच. अर्थात एकाच घराच्या मराठी आणि इंग्रजी पेपरची तुलना हा पण मस्त विषय आहे, कारण वाचक वेगळा आहे, फक्त तसं आधी लिहून टाका. मी सुचवीन की दोन मोठे मराठी, एक इंग्रजी, एक घटनेच्या गावचा (आपल्या केसमध्ये नाशिकचा, म्हणजे देशदूत किंवा गांवकरी), आणि जमलं तर एक उघडपणे पक्षाचा.

पेपर कोणाचा आहे ते शोधायला गूगल करायची पण गरज नाही. शेवटच्या पानाच्या किंवा आतल्या एखाद्या पानाच्या तळाला बारीक टायपात एक ओळ असते, मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि छपाईचा पत्ता. कायद्याने ती छापावीच लागते. मुलांनी आयुष्यात कधी वाचलेली नसते ती, प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी तीच वाचायला लावा.

4. पक्षाचं मुखपत्र घेतलं तर तुलना अन्यायाची होत नाही का?

नाही होत, फक्त त्याला त्याच्या रांगेत बसवा. सामना तेव्हाच्या अखंड शिवसेनेचा, आता ठाकरे गटाचा, आणि पीपल्स डेमोक्रसी हे माकपचं साप्ताहिक, आणि किसान सभा माकपशी जोडलेली संघटना. म्हणजे दुसऱ्या केसमध्ये वार्तांकन करणारा आणि मोर्चा काढणारा एकाच घरातले, हे तक्त्यात लिहायचं. शिवाय साप्ताहिकाला दैनिकाशेजारी ठेवताना वेळेचा फरक पण लिहा.

पण मुखपत्र म्हणजे काय छापणार ते आधीच माहितीये असं धरून चालू नका. 2018 मध्ये शिवसेना भाजपबरोबर सरकारात होती आणि तरी मोर्चाला तिने पाठिंबा दिला होता, तिचे मंत्री मोर्चेकऱ्यांना भेटायला गेले होते. आता अशा पक्षाच्या पेपरने काय लिहिलं असेल, सरकारची बाजू की मोर्चाची? अंदाज बांधू नका, अंक उघडा.

5. जुने अंक मिळणार कुठे? आणि वेबसाइटवरची बातमी चालेल का?

जिल्ह्याच्या शासकीय ग्रंथालयात आणि जुन्या मोठ्या सार्वजनिक वाचनालयांत बांधलेल्या फायली असतात, पण जाण्याआधी फोन करून विचारा, कारण बरीच वाचनालयं काही महिन्यांनी अंक रद्दीत काढतात. ई-पेपरचे जुने अंक काही पेपर ठराविक काळापुरतेच ठेवतात, काहींना पैसे भरावे लागतात.

वेबसाइट चालेल, पण ती आणि छापील पेपर एकत्र कालवू नका, इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. वेबवरची बातमी दिवसभर बदलत असते, मथळा तीनदा बदलतो, आणि सकाळी सातला टाकलेल्या पानावर रात्री नवीन मजकूर चढलेला असतो. पान नंबर नाही, कॉलम नाही, त्यामुळे जागा मोजता येत नाही. म्हणून एकतर सगळ्यांचं छापील घ्या, नाहीतर सगळ्यांचं वेब घ्या. वेब घेतलं तर वरची प्रकाशित वेळ आणि अपडेट वेळ दोन्ही लिहून घ्या आणि स्क्रीनशॉट मारून ठेवा, लिंकवर भरवसा नको.

शोधताना तारखेची चौकट लावली की नंतरचे वर्षपूर्तीवाले लेख बऱ्यापैकी गळतात:

```
किसान लाँग मार्च after:2018-03-05 before:2018-03-14
```

यातही मधूनच नंतरचं पान घुसतं, म्हणून पानावरची तारीख डोळ्याने बघाच.

6. तक्ता कसा करायचा? रेडिमेड फॉरमॅट द्या ना.

फॉरमॅट देतो पण एका अटीवर, तक्ता बातमी वाचायच्या आधी ठरवायचा आणि सगळ्या पेपरांना तोच लावायचा. वाचता वाचता रकाने वाढवत गेलात तर ज्या पेपरचा राग आलाय त्याच्यासाठी जास्त रकाने पडतात, हे प्रत्येक बॅचमध्ये होतं.

एका पेपरच्या एका दिवसाला एक ओळ. रकाने असे: तारीख आणि आवृत्ती, पान नंबर आणि पानावरची जागा (लीड म्हणजे पानाची मुख्य बातमी आहे, वरच्या अर्ध्या भागात आहे, का अँकर म्हणजे पानाच्या तळाला आहे), कॉलम सेंटीमीटर, मथळा जसाच्या तसा, बातमी कोणाच्या नावाने (बायलाइन म्हणजे वार्ताहराचं नाव, नुसतं 'प्रतिनिधी', का वृत्तसंस्था), पहिला परिच्छेद कोणाबद्दल आहे, कोणाकोणाचं म्हणणं आहे आणि किती ओळी, आकडे आणि ते कोणी दिले, फोटोत काय आहे. बस. "पेपरचा सूर" असा रकाना ठेवू नका, सूर हा शेवटी काढायचा निष्कर्ष आहे, तो तक्त्यात भरला की बाकीचे रकाने त्याच्याच मागे धावतात.

कॉलम सेंटीमीटर सोपं आहे. मथळा आणि फोटोसकट बातमीची उंची पट्टीने मोजा, किती कॉलमात पसरलीये त्याने गुणा. चार कॉलम रुंद आणि 20 सेंटीमीटर उंच म्हणजे 80. आठ कॉलमी पानाची उंची समजा 50 सेंटीमीटर, तर पूर्ण पान 400, म्हणजे या बातमीला पानाचा पाचवा हिस्सा मिळाला. मात्र पानावर जाहिरात किती आहे ते मोजून आधी वजा करा. अर्धं पान जाहिरातीने खाल्लेल्या दिवशी 80 आणि मोकळ्या पानावरचे 80 सारखे नाहीत. ई-पेपर असेल तर पट्टी स्क्रीनला लावू नका, झूमप्रमाणे माप बदलतं, तिथे पानाचा कितवा हिस्सा एवढंच काढा.

7. मथळ्यांची तुलना कशी करायची? सगळे एकच तर सांगतात.

सांगत नाहीत. खालचे चार मथळे मी सरावासाठी तयार केलेत, कुठल्या पेपरचे नाहीत, पण 13 मार्चच्या बातमीला चारही बसतात:

शेतकऱ्यांच्या मागण्या मान्य
सरकार अखेर झुकलं
लेखी आश्वासनानंतर मोर्चा मागे
लाल वादळ मुंबईत धडकलं

प्रत्येक मथळ्याला तीन प्रश्न विचारा: कर्ता कोण, क्रियापद काय, आणि कोण गायब आहे. पहिल्यात मागण्या मान्य झाल्यात, कोणी केल्या ते नाही, आणि किती मान्य झाल्या ते पण नाही, वाचणाऱ्याला वाटतं सगळ्याच. दुसऱ्यात सरकार कर्ता आहे पण हरलेला, आणि 'अखेर' मुळे असं वाटतं की सरकार बरेच दिवस अडून बसलं होतं, आता ते खरंच अडून होतं का हे बातमीच्या आत शोधायचं, मथळ्याने ते गृहीत धरलंय. तिसऱ्यात शेतकरी हा शब्दच नाही, पण चौघांत सगळ्यात नेमका तोच आहे कारण झालेली गोष्ट 'आश्वासन' आहे, अंमलबजावणी नाही. चौथ्यात माणसंच नाहीत, वादळ आहे. 'धडकलं' म्हटलं की मुंबईकर वाचक आपोआप स्वतःला त्या वादळाच्या वाटेत उभा बघतो. तेच 'पोचलं' म्हटलं असतं तर?

आणखी एक करून बघा, मथळा झाकून नुसती बातमी मित्राला वाचायला द्या आणि त्याला मथळा लिहायला सांगा. मथळा बहुतेक वेळा वार्ताहर लिहीत नाही, डेस्कवरचा उपसंपादक लिहितो, आणि त्याला कॉलमाच्या रुंदीत बसेल एवढीच अक्षरं मिळतात. त्यामुळे मथळा भडक आणि आतली बातमी शांत असं सर्रास सापडतं, दोन्हीला वेगवेगळं नोंदवा, "पेपरने असं म्हटलं" असं एका वाक्यात गुंडाळू नका.

8. मोर्चात माणसं किती होती? प्रत्येक पेपरात वेगळा आकडा आहे, खरा कोणता धरायचा?

कुठलाच धरायचा नाही, प्रत्येक आकड्याचा मालक शोधायचा. त्या आठवड्यातल्या बातम्यांमध्ये 25 हजारांपासून 50 हजारांपर्यंत आकडे सापडतात. यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक, आकडा कुठला आहे, नाशिकला निघतानाचा का मुंबईत पोचतानाचा, कारण वाटेत लोक येऊन मिळत गेले. दोन, कोणी दिला, आयोजकांनी, पोलिसांनी का वार्ताहराने अंदाज बांधला. आयोजकाला मोठा आकडा हवा असतो, हे सरळ आहे, पण पोलिसांचा आकडा आपोआप खरा असंही नाही, त्यांचं काम बंदोबस्ताचं आहे. तीन, पेपरने मालक छापलाय का. "50 हजार शेतकरी मुंबईत" आणि "50 हजार शेतकरी आल्याचा आयोजकांचा दावा" यात आकडा तोच आहे पण पहिल्यात पेपर स्वतः हमी देतोय. तक्त्यात हे तीनही लिहा, मग आकड्यांतला अर्धा वाद तिथेच मिटतो.

पडताळा पण घेता येतो. चालत्या मोर्चाचा हिशोब असा: एका रांगेत किती माणसं आणि दोन रांगांत अंतर किती. समजा रस्ता अर्धा वाहनांसाठी सोडलाय, एका रांगेत 8 जण आहेत आणि रांगांत दीड मीटर अंतर आहे. एका किलोमीटरमध्ये साधारण 667 रांगा, गुणिले 8, म्हणजे 5,300 च्या आसपास माणसं. या हिशोबाने 25 हजारांचा मोर्चा पावणेपाच किलोमीटर लांब असेल आणि 50 हजारांचा साडेनऊ. आता बातम्यांत किंवा फोटोत लांबीचा काही उल्लेख सापडतो का बघा, टोक अमुक पुलावर आणि शेपूट तमुक नाक्यावर असं, आणि नकाशावर अंतर मोजा. 8 आणि दीड हे माझे अंदाज आहेत, तुम्ही फोटो बघून तुमचे ठरवा आणि ते प्रोजेक्टमध्ये उघड लिहा. रांगेत 8 ऐवजी 12 धरले की उत्तर दीडपट होतं, म्हणूनच असल्या हिशोबातून एक आकडा सांगायचा नसतो, इतक्यापासून इतक्यापर्यंत असं सांगायचं.

मैदानात बसलेल्या गर्दीला क्षेत्रफळाची पद्धत लावतात, अमेरिकेत हर्बर्ट जेकब्स नावाच्या पत्रकारितेच्या प्राध्यापकांनी 1960 च्या दशकात ती बसवली. सैल गर्दीत दर माणसामागे 10 चौरस फूट, दाट गर्दीत साडेचार, अगदी खचाखच असेल तर अडीच. मैदान पूर्ण भरलं होतं का अर्धं, हे वरून काढलेल्या फोटोशिवाय ठरवू नका. जमिनीवरून काढलेल्या फोटोत गर्दी नेहमी जास्तच दाट दिसते.

9. बातमीत कोणाकोणाला बोलतं केलंय ते मोजून काय मिळतं?

माझ्या मते सगळ्यात जास्त मिळतं, आणि मुलं नेमकं हेच टाळतात कारण वेळखाऊ आहे. चार रंगांची पेनं घ्या. सरकार एक रंग, मोर्चाचे नेते दुसरा, साधे मोर्चेकरी तिसरा, बाहेरचे (विरोधी पक्ष, तज्ज्ञ, मुंबईकर) चौथा. प्रत्येकाच्या म्हणण्याच्या ओळींना रंग मारा आणि ओळी मोजा.

बऱ्याचदा असं दिसतं की पेपर मोर्चाच्या बाजूने वाटतो, मथळा सहानुभूतीचा, फोटो पायाच्या फोडांचा, आणि तिसरा रंग मात्र जवळपास नाहीच. नेते बोलतायत, मंत्री बोलतायत, चालणारी बाई फक्त फोटोत आहे. किंवा ती बोलते पण फक्त "पाय दुखतात" एवढंच, तिच्या वनजमिनीच्या दाव्याचं काय झालं, किती कसते, किती नावावर झाली, हे तिला कोणी विचारलेलंच नाही. ही नोंद तुमच्या प्रोजेक्टमध्ये आली तर तो प्रोजेक्ट बाजू कोणती, याच्या पुढे गेला.

10. दोन पेपरांत बातमी शब्द न् शब्द सारखी आहे. कॉपी केलीये का?

कॉपी नाही, वृत्तसंस्था. पीटीआयसारखी संस्था एकच बातमी सगळ्या वर्गणीदार पेपरांना पाठवते आणि डेस्क ती थोडी कापून लावतं. सुरुवातीला किंवा शेवटी 'पीटीआय' किंवा नुसतं 'वृत्तसंस्था' लिहिलेलं असतं. तेव्हा अशा दोन बातम्या तक्त्यात दोन साक्षीदार म्हणून धरू नका, साक्षीदार एकच आहे. पाच पेपरांनी तोच आकडा दिला म्हणून तो पक्का, असं म्हणण्याआधी पाचांतले किती स्वतःचा माणूस पाठवून लिहीत होते ते बघा.

यात गंमतीची जागा म्हणजे काय कापलं ते. संस्थेची बातमी उलट्या उतरंडीत लिहिलेली असते, महत्त्वाचं वर आणि कमी महत्त्वाचं खाली, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं. खालचे परिच्छेद गेले असतील तर कारण जागा असू शकते. पण मधलाच एक परिच्छेद गायब आणि खालचे शाबूत असतील तर तो कोणीतरी ठरवून काढलाय, हे लिहून ठेवा.

11. एका पेपरात महत्त्वाची गोष्टच नाहीये. मुद्दाम लपवली असं लिहू का?

थांबा. आधी तीन गोष्टी तपासा: वेळ, आवृत्ती आणि त्या दिवशीच्या बाकीच्या बातम्या.

वेळेचं उदाहरण या मोर्चातच आहे आणि फार सुंदर आहे. दहावीची परीक्षा चालू होती. सोमवारी सकाळी मोर्चा रस्त्यावर असता तर पेपरला जाणाऱ्या मुलांची कोंडी झाली असती, म्हणून दिवसभर चालून सोमय्या मैदानावर आलेले शेतकरी रात्रीच पुन्हा उठून आझाद मैदानाकडे चालत गेले. आता सोमवारचा, 12 मार्चचा छापील पेपर काढून बघितलात आणि त्यात हे रात्रीचं चालणं नसेल, तर ते लपवलेलं नाही. रात्री उशिरा पान छपाईला जातं आणि बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती तर त्याच्याही आधी सुटते. मध्यरात्रीनंतरची गोष्ट त्यात येणारच कशी? आणि मंगळवारी 13 तारखेला ती आली तेव्हा बोलणी आणि लेखी आश्वासन ही मोठी बातमी झालेली होती, म्हणून रात्रीचं चालणं चौकटीत किंवा आतल्या पानावर शोधायला लागेल. पण 13 तारखेला पण कुठेच नसेल, आणि दुसऱ्या पेपरांत असेल, तर मात्र तुमच्याकडे लिहिण्यासारखं काहीतरी आहे.

आवृत्ती म्हणजे, एकाच पेपरचं नाशिकचं आणि मुंबईचं पहिलं पान वेगळं असतं. नाशिक आवृत्तीत 7 मार्चला मोर्चा पहिल्या पानावर आणि मुंबई आवृत्तीत आत कुठेतरी, असं असू शकतं, म्हणून "अमुक पेपरने दखल घेतली नाही" लिहिताना कुठल्या आवृत्तीने ते लिहाच. हा खरंतर स्वतंत्र प्रोजेक्ट होईल, एकाच पेपरच्या दोन आवृत्त्यांत मोर्चा कितव्या दिवशी पहिल्या पानावर आला एवढंच बघायचं.

आणि बाकीच्या बातम्या. 9 मार्चला, शुक्रवारी, राज्याचा अर्थसंकल्प मांडला गेला. मग 10 तारखेच्या अंकात मोर्चा आक्रसलेला दिसला तर त्याचं पहिलं कारण ते आहे. तक्त्यात रोज पान एकची लीड काय होती याची एक ओळ वेगळी ठेवा म्हणजे हे निसटत नाही.

12. फोटोंचं काय लिहायचं? फोटो तर खराच असतो.

फोटो खरा असतो, पण निवड पेपरची असते. त्या आठवड्यात सोललेल्या, रक्ताळलेल्या पायांचे फोटो देशभर फिरले, वरून काढलेले लाल झेंड्यांचे फोटो होते, नेत्यांचे होते, मंत्र्यांबरोबरचे होते. पान एकवर कुठला घेतला आणि फोटोखालच्या ओळीत काय लिहिलं ते नोंदवा. पायांच्या फोटोत माणूस एक आणि त्याचं दुखणं दिसतं, वरून काढलेल्यात संख्या आणि संघटना दिसते. दोन्ही खरं. फोटोखाली तारीख आणि जागा आहे का ते पण बघा, नसेल तर तो त्याच दिवसाचा आहे असं धरू नका.

13. अग्रलेख आणि कार्टून पण तुलनेत घ्यायचं का?

घ्या, पण वेगळ्या तक्त्यात. अग्रलेखात मत असणारच, ते त्याचं कामच आहे, त्यात बाजू सापडली म्हणून पक्षपात सापडला असं होत नाही. उपयोग दुसराच आहे: अग्रलेखातलं मत आणि पान एकवरची बातमी जुळतात का ते बघा. अग्रलेख मोर्चाच्या विरोधात आणि बातमीत चारही रंग (प्रश्न 9) नीट आले असतील तर त्या पेपरची बातमीची बाजू मजबूत आहे. जे शब्द अग्रलेखात आहेत तेच बातमीत कोणाच्याही तोंडी न घालता आले असतील तर तिथे मत आणि बातमी यांतली भिंत पातळ झालीये.

14. मग निष्कर्षात कोणता पेपर निःपक्षपाती ते लिहायचं ना?

नको. एका आठवड्याच्या एका घटनेवरून पेपरचं चारित्र्य ठरत नाही, आणि नंबर लावायला गेलात की सगळं काम त्या एका ओळीत बुडतं. निष्कर्ष असा लिहा की तो कोणीही अंक उघडून तपासू शकेल. समजा, "13 तारखेला पाचपैकी तीन पेपरांनी 'मागण्या मान्य' या अर्थाचा मथळा दिला. त्या तिघांपैकी एकाच्याच बातमीत पहिल्या तीन परिच्छेदांत हे आश्वासन असल्याचं आणि त्याला मुदत असल्याचं लिहिलंय." हे वाक्य नमुन्याचं आहे, तुमचे आकडे तुमच्या तक्त्यातून येतील. पण बघा, यात एकही विशेषण नाही आणि तरी वाचणाऱ्याला काय झालं ते कळतं.

15. सगळ्या पेपरांनी जवळपास सारखंच लिहिलंय. प्रोजेक्ट फेल गेला का?

नाही, पण मग सगळ्यांनी मिळून काय सोडलं ते शोधा. इथे मूळ कागद कामाला येतो, म्हणजे मोर्चाच्या मागण्यांची यादी, सरकारचं लेखी उत्तर, वनहक्क कायद्याचा मजकूर. कर्जमाफीचंच घ्या, 2017 च्या जूनमध्ये राज्याने 34 हजार कोटींची कर्जमाफी जाहीर केलेली होती, मग नऊ महिन्यांनी परत कर्जमाफीच मागायला लोक का चालले? ज्या बातमीत जुन्या योजनेचा आणि ती कोणापर्यंत पोचली नाही याचा एक परिच्छेद आहे ती वाचकाला मागणी समजावते, ज्यात नाही तिथे मोर्चा अचानक उगवल्यासारखा वाटतो.

आणि नंतरचं बघा. वनहक्काचे दावे सहा महिन्यांत निकाली काढू असं सरकारने कबूल केलं होतं, म्हणजे मुदत सप्टेंबर 2018 ला संपत होती. त्या महिन्याचे अंक काढा आणि तुमच्या पाच पेपरांपैकी कोणी फॉलोअप केला, कोणत्या पानावर, किती जागेत, ते तोच तक्ता लावून भरा. फेब्रुवारी 2019 मध्ये शेतकरी नाशिकहून पुन्हा निघाले आणि मार्च 2023 मध्ये परत एक लाँग मार्च मुंबईच्या दिशेने निघून वाशिंदला थांबला. तेव्हाच्या बातम्यांत 2018 च्या आश्वासनांचा हिशोब कोणी मांडला, हे वेळ असेल तर जरूर बघा.

16. घरचे म्हणतात राजकीय विषय नको. दुसरी घटना घेतली तर हीच पद्धत चालेल का?

चालेल. एसटीची भाडेवाढ, तुमच्या शहरातली पाणीकपात, एखाद्या पुलाचं उद्घाटन, सगळ्याला हाच तक्ता लागतो, फक्त प्रश्न 9 मधले रंग बदलतील. पण घरच्यांना एकदा भरलेला तक्ता दाखवा, त्यात कोणाची बाजू घेतलेली नसते हे बघितलं की बहुतेक जण शांत होतात. आणि घरी येणारा पेपर तुमच्या पाचांत असेल तर त्याच्या ओळी भरायला वडिलांना किंवा आजोबांना बसवा आणि त्याच पेपरच्या ओळी तुम्ही त्यांच्या न बघता वेगळ्या भरा. दोघांच्या ओळी जिथे जुळणार नाहीत तिथे रकान्याची व्याख्या सैल राहिलीये, ती दुरुस्त करून मगच बाकीचे चार पेपर भरायला घ्या.